कच्चा लिंबू नको

बंगळुरूत मल्लेश्वरमच्या आमच्या घरात रविवारी दुपारी जेवणं आटोपली की कॅरम मांडायचा, हा माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा नेम. सासऱ्यांना सगळं घर अण्णा म्हणतं. अण्णा आणि त्यांची लेक, म्हणजे माझी नणंद, समोरासमोर एका बाजूचे. मी आणि नवरा त्यांच्याविरुद्ध. मी पुण्याची, माहेरी गल्लीत कॅरम खेळून वाढलेली, त्यामुळे या घरात स्वयंपाकाच्या आधी माझ्या कटचं कौतुक झालं, हे मी अजून सगळ्यांना ऐकवते.

मग नणंदेची बदली हैदराबादला झाली आणि अण्णांच्या समोरची खुर्ची रिकामी पडली. तिघांत जोड्या कशा पाडणार? बोर्ड कपाटामागे गेला. अण्णा रविवारी जेवून खोलीत जायचे ते थेट चहालाच बाहेर. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून त्या माणसाला आठवड्यात ही एकच हौस उरली होती. मला ते बघवेना.

माझी लेक नऊ वर्षांची. तीच एकदा म्हणाली, "आत्याच्या जागी मी बसते की!"

आम्ही लगेच बोर्ड काढला. नवरा म्हणाला, "बस, तू कच्चा लिंबू." आमच्याकडे लहान पोराला खेळात असंच घेतात. चुकलं तरी माफ, ड्यू म्हणजे दंडाची सोंगटी नाही, पुन्हा मार. तिचा स्ट्रायकर भोकात गेला, आम्ही हसून काढून दिला. सोंगटी लांब होती, आम्ही हळूच जवळ सरकवली. चौथ्या खेळीला अण्णा उठले.

"लिंबू घेऊन मी खेळत नाही," ते म्हणाले. "सरबत करा त्याचं."

मी भडकलेच. "अण्णा, नऊ वर्षांची पोर आहे ती!"

"स्ट्रायकरला वय कळत नाही," असं म्हणून ते खोलीत गेले.

मी तिकडे भांडायला निघाले होते, पण लेकीचं तोंड बघितलं आणि थांबले. ती अण्णांवर चिडली नव्हती, आमच्यावर चिडली होती. "तुम्ही माझं मोजतच नाही," ती म्हणाली. डोळे भरलेले, हनुवटी वर. हनुवटी माझ्याकडूनच आली आहे, नाकारण्यात अर्थ नाही. म्हटलं, ठीक आहे बाईसाहेब. मोजायचं तर मोजायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली की शिकवणी सुरू. पहिली अडचण बोट. पोर स्ट्रायकर ढकलायची. "अगं, पोळी लाटतेयस का? टिचकी मार! बोट मागून सुटलं पाहिजे." टिचकी मारून नख लाल झालं, तरी हटली नाही. हात पुरेना म्हणून खुर्चीवर उशी ठेवली. मग रेषा. स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकलाच पाहिजे, आणि टोकाच्या लाल गोलावर ठेवायचा तर तो पूर्ण झाकायचा, अर्धवट शिवलेलं चालत नाही. मग कट: सोंगटी ज्या भोकात न्यायची त्याच्या बरोबर उलट बाजूला मार. मी ओरडायचे, ती उलट ओरडायची, नवरा स्वयंपाकघरातून म्हणायचा, "स्वल्प हळू, वरचे लोक खाली येतील."

शेवटी मी तिला माझा हुकमी फटका दिला. सोंगटी आपल्याच रेषेच्या मागे, आपल्या कोपऱ्याजवळ अडकली की सरळ मारता येत नाही. तेव्हा समोरच्या कडेवर स्ट्रायकर आपटायचा आणि परत येताना सोंगटी टिपायची. हा फटका मी नवऱ्यालाही शिकवला नव्हता. पोटच्या पोरीपुढे माझं काही चालत नाही. तिचे दहातले नऊ फुकट जायचे. दहावा बसला की ती घरभर नाचायची.

पुढे एका रविवारी जेवणं झाल्यावर तिने स्वतःच बोर्ड मांडला, पावडर घातली आणि अण्णांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "अण्णा, लिंबू नाही. ड्यूसकट."

अण्णांनी चष्मा शोधायला उगाच वेळ घेतला. मग कन्नडमधून "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि येऊन बसले. ती त्यांच्या समोर, आत्याच्या खुर्चीवर, उशीवर. त्यांच्या पांढऱ्या, आमच्या काळ्या.

पहिल्याच खेळीत तिचा स्ट्रायकर सरळ भोकात. नवरा सवयीने म्हणाला, "असू दे गं, परत मार."

तिने अण्णांनी मिळवलेल्या सोंगट्यांतली एक पांढरी उचलली आणि बापासमोर धरली. "ड्यू आहे बाबा. मध्ये ठेव. समोरच्यांनीच ठेवायची असते."

अण्णांनी बाह्या वर सारल्या, आणि अण्णा बाह्या सारतात तेव्हा ते खरे खेळायला लागतात. आम्हा दोघांची पळता भुई थोडी झाली. तरी आम्हीही सोडलं नाही. मला पोरीला जिंकू द्यायचं नव्हतं, तिने तसं बजावलंच होतं. शेवटी बोर्डावर आमची एक काळी, त्यांची एक पांढरी आणि क्वीन राहिली. खेळी लेकीची.

क्वीन सोपी होती, घेतली तिने. पण कव्हर हवं, म्हणजे लगेच आपली एक सोंगटी आत, नाहीतर क्वीन परत मध्यावर. आणि पांढरी कुठे? तिच्याच डाव्या कोपऱ्याजवळ, रेषेच्या मागे.

नवऱ्याला राहवेना. "चल, बोटभर पुढे घेऊ का ती?"

"हात लावायचा नाही!" ती एवढ्या जोरात किंचाळली की खालच्या फुलवालीने वर बघितलं असणार.

तिने स्ट्रायकर उजव्या टोकाला, लाल गोलावर अगदी नीट बसवला. समोरच्या कडेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी तोंड शिवल्यासारखी बसले होते, पण आतून म्हणत होते, सोड बोट, मागून सोड! टिचकी बसली. स्ट्रायकर समोर आपटला, तिरका परत आला, पांढरीला टेकला. पांढरी आत. स्ट्रायकर तिच्यामागून घरंगळत भोकापर्यंत गेला आणि काठावर थांबला.

अण्णा खुर्चीवरून उठून ओरडले. शहात्तर वर्षांचा माणूस, एरवी टीव्हीचा आवाजही वाढवत नाही! त्यांनी बोर्डावरून वाकून तिचा पावडरने माखलेला हात धरला, दुकानात मोठ्या गिऱ्हाईकाचा धरायचे तसा. मी हरले होते, माझ्याच फटक्याने हरले होते, आणि आनंदाने रडत होते. लपवून काय करायचं?

संध्याकाळी नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. "अण्णा, दिवाळीला येतेय. माझी जागा राखून ठेवा हं."

"तुझी जागा गेली," अण्णा म्हणाले. "हवं तर वहिनीच्या जागी बस."

"वा रे वा!" मी म्हटलं. "शिकवलं मी आणि उठवायचं मलाच?"

लेकीने माझ्या गळ्यात हात टाकले. आवाजात इतकी माया की मला हसू आवरेना.

"रडू नको आई. तुला पण घेऊ. तू कच्चा लिंबू."