बायनाबाईचा अंगठा

आमच्या बँकेच्या आरमोरी शाखेत शिपायानं एकदा बायनाबाईपुढे शाईचा पॅड सरकवला. झालं! बाई कडाडली, "उचल तो! लाव तुह्या नाकाले! धम्माची दीक्षा घेतली त्या सालापासून म्या अंगठा लावला नाई!" मग पेन मागितलं आणि जीभ दातांत धरून सावकाश सही केली. अख्खी शाखा बघत राहिली. नवरा बल्लारपूरच्या कागद कारखान्यात मजूर होता. तो रात्रपाळीहून आला की पाटीवर अक्षरं काढून दाखवायचा, त्यातून ती शिकली. तो गेल्यावर त्याच्या फंडाचे पैसे तिनं आमच्याकडे मुदत ठेवीत टाकले. लेक करुणा नागपूरला शिकत होती, पुढं तिला नर्सिंगला जायचं होतं, त्यासाठी.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिचा पुतण्या भैयाजी बँकेत आला. काकी पडली, पाय मोडला म्हणून तिच्या घरी राहायला आलेला. तेंदूपत्त्याच्या ठेक्यात पैसे घालायचे होते त्याला. ठेवीची पावती आणि नोटरीचं मुखत्यारपत्र माझ्या टेबलावर टाकून म्हणाला, "ठेव मोडा. काकीनं सारा अधिकार मलेच देल्ला."

मी कागद वाचला. मूळ कागद होता, मुद्रांक होता, नोटरीचा शिक्का, तारीख, सगळं जागेवर. पण अधिकार कसले? शेतीचा कारभार, शेतसारा भरणं, कोर्टकचेरी, बचत खात्यातून पैसे काढणं. मुदत ठेव मोडण्याचं नाव नाही. आणि जे लिहिलं नाही ते मुखत्याराचं नाही, एवढी साधी गोष्ट. साक्षीदार दोन, दोघंही बल्लारपूरचे, त्यातला एक भैयाजीचा सख्खा साळा. बाईला मजकूर वाचून दाखवला, असं दोघांपैकी एकानंही लिहिलेलं नाही. आणि खाली, बायनाबाईच्या नावासमोर, अंगठा!

माझं डोकंच फिरलं. नमुना सहीचं कार्ड काढलं. त्यावर तीच वाकडी, ठसठशीत सही. मॅनेजर साहेब म्हणाले, "अहो, म्हातारी बाई, आजारी आहे, लावला असेल अंगठा. नोटरी आहे ना? माणूस ओळखीचा आहे, द्या उरकून."

"साहेब, उरकायला हे काय लगीन आहे?" मी म्हणालो. "पैसे पास करणारा मी, मान माझी अडकते. अधिकार नाही, जुळायला सही नाही. बाईला भेटल्याशिवाय मी हात लावणार नाही."

भैयाजी तावातावानं उठला. "काकीले लिवता येते का? बाईमाणसाचं काऊन येवढं पाहून राह्यले?"

बोलला आणि फसला! काकीच्या घरात राहत होता, तिचं खात होता, पण तिला सही येते हे माहीत नव्हतं या गाढवाला. मी कार्ड फाईलखाली सारलं आणि सायकल काढली. तो फटफटीवर पुढं.

बाई खाटेवर होती, पायाला प्लास्टर. भैयाजी उंबऱ्यात उभा राहिला. मी म्हणालो, "बाहेर व्हा. खातेदाराशी एकट्यानं बोलायचं असतं." तो हलेना. मी ओरडलो तेव्हा गेला.

कागद पुढं धरून विचारलं, "बाई, हा अंगठा कोणाचा?"

"माहाच," ती म्हणाली.

माझा संताप आता तिच्यावरच उलटला. "काऊन लावला? तुम्ही? शिपायाची अब्रू काढणाऱ्या तुम्ही?"

"हळू बोल ना, बाबू! वाचून नाई दाखवलं मले. म्हणे, लाव, नाई तं औषध आणत नाई, करुणाले पत्र टाकत नाई. पाय मोडलेली मी कुठी जाऊ? सही केली असती तं तुमच्या कार्डाशी जुळली असती, तुमी पैसे देल्ले असते. अंगठा पाह्यला का तुमी बोंबलत याल, हे मले मालूम होतं." तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "पण लावताना जीव गेला माहा. इतक्या वर्सानं. त्या नालायकासाठी!"

तिनं स्वतःच पेन मागितलं. कोरा कागद उशीवर ठेवून लिहायला लागली: भैयाजीला दिलेलं मुखत्यारपत्र मी रद्द करते, त्याच्या सांगण्यावरून माझ्या ठेवीतला पैसा देऊ नये. शेजारच्या रुखमाबाई आणि देवाजी गुरुजींना बोलावून साक्षीला घेतलं. एक प्रत बँकेला, एक नोटरीला. मग तिनं भैयाजीला हाक मारली आणि त्याच्यासमोर, जीभ दातांत धरून, सही केली.

तो पाहतच राहिला. "काकी, तुले..."

"तिसरी प्रत तुही. घे, अन् निंग माह्या घरातून!"

बँकेची प्रत घेताना मला तिचा डावा अंगठा दिसला. राखेनं घासून घासून सालटं निघालं होतं, तरी शाईचा जांभळा डाग तसाच होता. तिनं हात पदराखाली ओढला.