मीटरला जोडलेला नंबर

लातूरच्या एका काकूंकडून आम्ही नांदेडला जुना फ्लॅट घेतला. मीटर त्यांच्या वारलेल्या यजमानांच्या नावावर होतं आणि लाईट जाण्याचे मेसेज यजमानांच्याच मोबाइलवर जायचे. काकू तो फोन चार्ज करून ठेवायच्या, मेसेज आला की मला कळवायच्या. मला कटकट व्हायची.

शेवटी खरेदीखत, भरलेलं बिल, काकूंचं संमतीपत्र देऊन मीटर माझ्या नावावर केलं, नंबरही माझा नोंदवला. नव्या नावाचं बिल आलं, सुटलो म्हटलं.

त्याच दुपारी काकूंचा फोन. "लाईट जाणार हाय. मेसेज आलाय."

माझ्या फोनवर काहीच नव्हतं. "काकू, तो नंबर मीटरवरून काढलाय. वीजवाले तुम्हाला कशाला कळवतील?" मी वैतागलो.

"वीजवाल्यांचा कुठं म्हणले मी? ह्यांचा आलाय."

डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला.