गाठ नव्हे, टॉन्सिल

नांदेडच्या लॅबमध्ये मी नवी पॅथॉलॉजिस्ट होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या मॅडम मूळच्या लातूरच्या. जिभेला धार होती आणि जीव लावायच्या. मला अजून त्यांची आठवण रोज येते.

कंधारच्या एका शेतकऱ्याच्या मानेतली गाठ तपासायला आली होती. मी स्लाइड बघितली. लिम्फॉइड, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या, पेशींच्या गर्दीत त्वचेसारख्या स्क्वॅमस पेशींचे पट्टे. मानेच्या गाठीत या पेशी म्हणजे तोंडाघशाचा कॅन्सर पसरलेला, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बाहेर बाकड्यावर तो आणि त्याची बायको रिपोर्टची वाट बघत होते. मी मॅडमना हाक मारली.

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "पेशी कित्ती शहाण्यासारख्या दिसायल्यात बघ. कॅन्सरच्या अशा असतात का? आणि गाठ असेल तर सगळीकडून आवरण पाहिजे. आवरणाखाली लिम्फ वाहायची वाट, म्हणजे सायनस. मधे मेडुला, म्हणजे गाभा. दाखव."

मी शोधत बसले. आवरण एकाच बाजूला होतं. सायनस नव्हता, मेडुलाही नव्हता.

"लिम्फ नोडला, म्हणजे अशा गाठीला, बाहेरून नळ्या लिम्फ, अंगातला पातळ रस, आणून देतात. टॉन्सिलला त्या येणाऱ्या नळ्याच नसतात. घशाचं अस्तर थेट आत खोल वळतं, जंतू तिथंच गाठायचे. तेच तुझे पट्टे. आतड्यात अशाच पेशींचे पुंजके असतात, पेयर्स पॅच, त्यांचंही तसंच, फक्त तिथं अस्तर आतड्याचं, आणि आवरण मुळीच नाही. हे टॉन्सिल हाय, बाई."

मग आम्ही नमुन्यांच्या बाटल्या काढल्या. ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात नाव झाकणावर चिकटवायची सवय. त्याच दिवशी तिथून एका मुलीचे टॉन्सिलही आले होते. शेतकऱ्याच्या झाकणाखाली खड्ड्याखड्ड्यांचे दोन तुकडे, आणि मुलीच्या झाकणाखाली एकच गोल गाठ. झाकणं अदलाबदल झाली होती. सर्जनला फोन केला, त्यांनीही एकच गाठ काढल्याचं सांगितलं.

त्या गोल गाठीच्या स्लाइडमध्ये आवरण, सायनस, सगळं जागच्या जागी होतं. आणि टीबीचे दाणे. मॅडमनी त्या दवाखान्याला फोनवरच नाव बाटलीच्या अंगावर लिहायचा हुकूम सोडला, तोही असा की समोरच्याचे कान तापले असतील.

दोघांना आत बोलावून मॅडम म्हणाल्या, "काका, कॅन्सर न्हाई. टीबीची गाठ हाय. सहा महिने गोळ्या खा, बरं होतंय."

बायको भिंतीला टेकली. तो मात्र पुढं सरकला. "बाई, नात हाय एक वर्षाची. हे तिला लागंल या भीतीनं महिनाभर उचललंच न्हाई तिला. आता चालंल का?"

मॅडमनी त्याच्या पिशवीतला छातीचा एक्स-रे मागून घेऊन उजेडाला धरून बघितला. फुप्फुसं साफ होती.

"घ्या की काका. अशा गाठीचा टीबी असा लागत न्हाई."

तो दाराकडं वळला. टोपी डोक्यावर घातली आणि बायकोला म्हणाला, "चल, बस निघून जाईल."