कोंब आलेले कांदे आणि माझं पहिलं वाक्य

लग्नानंतर पहिले पाच महिने मी सासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. नव्या सुनेनं मामाजींसमोर बोलायचं नाही, ही नांदुऱ्याच्या आमच्या घरची रीत. तेही माझ्याशी थेट बोलत नसत. पाणी हवं असलं की खांबाला सांगत.

चातुर्मासात कांदा-लसूण बंद. कार्तिकी द्वादशीला तो सुटायचा आणि त्या दिवशीच्या झुणक्याची वाट मामाजी कांदेनवमीपासून पाहत. नेमक्या त्याच वेळी सासूबाई आणि हे शेगावला गेले, आणि झुणका माझ्या गळ्यात पडला.

माळ्यावरची टोपली काढली तर काय, सगळ्या कांद्यांना हिरवे कोंब! लसणाच्या पाकळ्यांतूनही शेंडे डोकावत होते. मी सातवी पास. कोंब आलेला, हिरवा पडलेला बटाटा विषारी असतो, हे शाळेत शिकलेलं. मग कांदा तरी वेगळा कसा असेल? शिकल्याचा माज, दुसरं काय! टोपली शेजारच्या मळेवाल्या काकूंकडे दिली आणि म्हणाले, "फेकून द्या."

"बरं," काकू म्हणाल्या.

मामाजींपुढे बिनकांद्याचा, बिनलसणाचा झुणका आला. एक घास खाऊन ते खांबाला म्हणाले, "चार महिने थांबलो बे मी!" आणि ताटावरून उठले. मला रडूच आलं. पण जीव वाचवल्याचं समाधानही होतं.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून खमंग वास आला. मामाजी ओसरीवर नव्हते. मी काकूंच्या दारात धावले. ते भाकरीवर माझंच विष घेऊन मिटक्या मारत होते.

"थुका! मामाजी, थुका!"

हे माझं त्यांच्याशी पहिलं वाक्य. त्यांचा घास हातातच राहिला.

"काऊन वं?" काकू हसत म्हणाल्या. "कांद्याची पात खात नाही का तू? हा कोंब म्हंजे तेच. लसणाचा जरासा कडू लागते, नसन आवडत तं काढून टाक. सडला, बुरशी आली तं फेक. आलूची गोष्ट अलग हाय."

त्यांनी लसणाचा एक कोंब मोडून मला दिला. खाल्ला. कडवट लागला, बस्स. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

संध्याकाळी सासूबाई परतल्या आणि त्यांनी आधी माळा पाहिला. "टोपलीभर कांदे कुठी गेले?"

मी दाराआड सरकले.

"म्या खाल्ले," मामाजी म्हणाले.

"टोपलीभर? एका दिवसात?"

"चार महिन्यांचे होते."

सासूबाईंनी त्यांना दोन दिवस नुसत्या मऊ भातावर ठेवलं. त्यांनी तो निमूटपणे खाल्ला. त्या दोन दिवसांत मला ते माझ्या वडिलांहूनही जवळचे वाटले.

तिसऱ्या दिवशी ते खांबाला म्हणाले, "आज झुणका पाह्यजे."

काकूंनी भिंतीवरून परत दिलेला लसूण घेऊन मी पदर सावरत बाहेर आले. "मामाजी, लसणाचे कोंब काढू, की राहू देऊ?"

त्यांनी खांबाकडे पाठ केली आणि मला म्हणाले, "राहू दे, बेटा."