अर्धा चमचा तूप

यांना स्टेंट बसला तेव्हापासून मी घरातलं तूप बंद केलं. पुढे कोलेस्टेरॉलच्या गोळीने यांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, म्हणून आम्ही बोईसरहून पालघरला डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासून ते म्हणाले, "गोळी सोडायची नाही. सोबत कोएन्झाइम क्यू टेन घेऊन बघा, रोज दोनशे मिलिग्रॅम. काही छोट्या अभ्यासांत दुखणं कमी झालं, काहींत फरकच दिसला नाही. दोन-तीन महिन्यांत गुण आला नाही तर बंद करा. जेवणात थोडं तेल-तूप असलं की कॅप्सूल अंगी लागते."

यांनी शेवटचं तेवढंच ऐकलं. भाजीतलं तेल पुरेल म्हणून मी भांडले, पण वरणभातावर अर्धा चमचा तूप आलंच.

तीन महिन्यांनी हे डॉक्टरांना म्हणाले, "खूप फरक आहे." दवाखान्याचा जिना मात्र कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. मी थांबवलं.

"दुखतंय ना अजून?"

"कॅप्सूल गेली की तूपही जाईल," ते हळूच म्हणाले.

मी चिडले, आणि त्यांचा हात धरून सावकाश परत वर घेऊन गेले.

"काही फरक नाही हो," मी डॉक्टरांना सांगितलं. "गोळी बदलता येईल का बघा. आणि अर्धा चमचा तूप चालेल का, तेही सांगा."