शंभरातल्या पावणेदोनशे बायका

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मी बेळगावातून रोज निपाणी गाडी पकडायची आणि ज्यांच्या हाताखाली पाहणीचं काम करत होते त्या सरांच्या नावानं रोज बोटं मोडायची. संख्याशास्त्राची पदवी घेतली तेव्हा वाटलं होतं, पंख्याखाली बसून आकडे मांडू. नशिबी आल्या तंबाखूच्या वखारी. शिंकून शिंकून जीव नकोसा व्हायचा.

काम नाजूक होतं. वखारीतल्या किती बायकांनी पोट पाडून घेतलंय, हे काढायचं होतं. कायद्यानं परवानगी मिळाली होती, पण बायका अजून सुईणीकडंच चोरून जायच्या, आणि त्यातल्या काही परत यायच्या नाहीत. आकडा हाती आला तर तालुक्याला बाईडॉक्टर मागता येणार होती. पण असला प्रश्न कुणाला सरळ विचारायचा? नसबंदीचा धसका ताजा होता, वही-पेन दिसलं की बायका पळायच्या.

म्हणून सरांनी मला एक कापडी पिशवी दिली. आत दहा मणी, सात लाल आणि तीन पांढरे. सगळे एका मापाचे, हाताला फरक कळू नये म्हणून. बाईनं पिशवी हलवायची, एक मणी काढायचा, मुठीतल्या मुठीत बघायचा आणि परत आत टाकायचा. मला दाखवायचा नाही. लाल आला तर ‘मी पोट पाडलंय’ हे वाक्य मनात धरायचं, पांढरा आला तर ‘मी पोट पाडलेलं नाही’ हे. आणि धरलेलं वाक्य खरं असेल तर ‘व्हय’, खोटं असेल तर ‘न्हाय’ एवढंच म्हणायचं. कुठलं वाक्य ते सांगायचं नाही.

म्हणजे जिनं काही केलेलंच नाही, तीसुद्धा पांढरा आला की ‘व्हय’ म्हणणार. एकेका बाईचं काही कळणार नाही, पण पुष्कळ बायकांचे ‘व्हय’ मोजले की मण्यांचा वाटा वजा करून सगळ्यांचा मिळून आकडा निघतो.

पुष्कळ म्हणजे किती, तिथंच तर माझं डोकं फिरायचं! सरळ विचारलं असतं तर जेवढ्या बायका पुरल्या असत्या, त्याच्या कितीतरी पट लागणार होत्या. पहिल्या वखारीतल्या मोजक्या बायकांची उत्तरं घेऊन गेले. गणित मांडलं तर उत्तर शून्याच्याही खाली! कुणीच काही केलेलं नसतं तरी निव्वळ पांढऱ्या मण्यांमुळं दहात तिघी ‘व्हय’ म्हणाल्या असत्या, आणि आमच्याकडं तेवढ्याही निघाल्या नव्हत्या. सर पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही.

“थोड्या बायकांत मण्यांचं नशीबच जास्त बोलतं,” ते म्हणाले. “बायका वाढवा.”

“त्यापेक्षा नऊ लाल आणि एक पांढरा टाका की सर. निम्म्याहून कमी बायकांत काम उरकेल.”

“उरकेल. पण मग ‘व्हय’ म्हणालेल्या बाईला लपायला जागा कुठली? तीन पांढरे म्हणजे तिचा आडोसा. त्याची किंमत आपण चालून द्यायची.”

आपण! चालत होते मी. हे गाडीत बसल्यावर मनातल्या मनात चांगलं चारदा ऐकवलं मी त्यांना.

दुसरी वखार मोठी होती. कोपऱ्यात पोत्याचा पडदा लावून मी बसले. एकेक बाई चाळण ठेवून यायची. तंबाखूची धूळ नाकात जाऊ नये म्हणून सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली, नुसते डोळे दिसायचे. आणि फडक्यातून, त्या धडाधडा चाललेल्या कुटण्याच्या आवाजात, ऐकू जावं म्हणून दिवसभर ओरडूनच बोलायची सवय. हे ना सरांच्या ध्यानात आलं होतं ना माझ्या.

एक तिशीची विधवा आली. पदरात दोन पोरं, हे तिनं बसता बसताच सांगितलं. मणी काढला, बघितला, आत टाकला. आणि त्याच वेळी बाहेरचं कुटणं थांबलं.

“व्हय!” ती खच्चून ओरडली.

सगळ्या वखारीनं ऐकलं. पडदा सरकवून मुकादम आत. पन्नाशीचा, सरळ माणूस, पण रागीट.

“ऐकलं मी. नवऱ्याला जाऊन चार वर्सं झाली, आनि पोट पाडलंस व्हय गं? उद्यापास्नं हितं पाय ठेवू नगंस.”

ती उठायला लागली. मग मात्र माझं टाळकं सटकलं.

“आण्णा, तिनं काय कबूल केलं ते तुम्हाला ठाऊक आहे? मला तर नाही!” आणि मी तिथंच, बायका गोळा झाल्या होत्या त्यांच्यासमोर, सगळं समजावलं.

“लालच जास्त हाईत की,” मुकादम म्हणाला. गडी हुशार होता.

“आहेत. पण तिच्या मुठीत कुठला होता, बघितलात तुम्ही?”

तेवढ्यात एक म्हातारी पुढं आली. “मुकादम, तुमीच काडा की एक. आनि खरं बोला, तुमी खोटं बोलत न्हाईसा म्हनं.”

त्यानं तावातावात हात घातला, मुठीत बघितलं. “न्हाय! बगा!”

“आनि एकडाव.”

मणी टाकून, पिशवी हलवून त्यानं पुन्हा काढला. बघितलं. आणि चेहराच पडला त्याचा. खोटं बोलवेना, खरं सांगवेना. कानापर्यंत लाल झाला आणि कसंबसं पुटपुटला, “...व्हय.”

“अगं बया! मुकादमानं पोट पाडलं!” म्हातारी ओरडली, आणि जी काय हसायला सुरुवात झाली म्हणता! एकीनं तर चाळणीवरच बसकण मारली. शेवटी त्यालाही हसू फुटलं.

“बास, बास. कामाला लागा समद्या,” तो म्हणाला. मग विधवेकडं न बघताच, “तूबी.”

हुश्श!

पण पुढं गंमत झाली. त्यानंतर पडद्याआड आलेली प्रत्येक बाई, मणी बघो न बघो, भिंती हादरतील असं ओरडायची, “व्हय!” एकजात सगळ्या. त्या बिचारीचा ‘व्हय’ एकटा पडू नये म्हणून.

सरांनी तेवढ्या उत्तरांचं गणित मांडलं आणि चष्मा काढला. शंभरातल्या पावणेदोनशे बायकांनी पोट पाडलं होतं! सगळ्यांनी खरंच पाडलं असतं तरी मण्यांच्या हिशेबानं दहात सातच ‘व्हय’ यायचे, इथं दहाच्या दहा. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी त्या वखारीची सगळी उत्तरं, विधवेचंही त्यातच, बाजूला काढून फाडून टाकली. “आता तेवढ्या बायका दुसरीकडं शोधायला लागतील,” ते जरा भीतभीतच म्हणाले.

“शोधते की,” मी म्हटलं. खरंच, त्या दिवशी मला जराही राग आला नाही.

मुकादमानं मणी काढला त्या संध्याकाळी निघताना विधवा मला वखारीच्या फाटकाशी भेटली होती.

“बाई, खरं सांग. तुला तरी कळलं काय?”

“नाही.”

“तुज्या सरास्नी?”

“त्यांनाही नाही कळायचं.”

“फुडं कवा?”

“कधीच नाही.”

मग तोंडावरचं फडकं तिनं सोडलं. तोवर मी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती हसत होती.

“लई बरं झालं गं बाय,” ती म्हणाली. “जातो. पोरं वाट बगत असतील.”