आज लवकर आलो घरी

पाणी पिण्याआधी बाबा पेला उजेडासमोर धरत. खिडकीकडे वळायचं, पेला डोळ्यांच्या उंचीला आणायचा, बोटांत एकदा फिरवायचा, मग प्यायचं. पाहुणे घरी आले तरी तेच. आई म्हणायची, "अहो, लोकांना वाटेल आम्ही भांडी घासत नाही." बाबा म्हणायचे, "घासलेलंच बघतोय. न घासलेलं काय बघायचं?"

ते काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होते. पांढऱ्या उजेडाचा एक उभा पडदा, त्याच्यापुढून सरकणारा पट्टा, पट्ट्यावर बाटल्यांची रांग आणि समोर स्टुलावर बाबा. काचेत बुडबुडा राहिलेला, मानेजवळ केसाएवढी चीर गेलेली, बूड वाकडं बसलेलं. अशी बाटली दिसली की हात जायचा आणि ती खालच्या पेटीत पडायची. डोळे फार वेळ टिकत नाहीत, म्हणून थोड्या थोड्या वेळाने माणसं बदलायची. बदली झालेला माणूस भिंतीकडे तोंड करून बसे. बाबा त्या वेळात गाणी जुळवायचे.

गाणी म्हणजे निरोपाची. त्यांच्या खात्यातून कुणी निवृत्त झालं की बाबांनी त्याचं गाणं करायचं, हे ठरूनच गेलं होतं. गाणं जाणाऱ्या माणसाच्या तोंडचं असे, 'मी' म्हणून. गायचे मात्र बाबा, आणि ध्रुवपद सगळ्यांनी उचलायचं. ताल धरायला भोंगा असायचा. हा बाबांचा शेजारच्या स्टुलावरचा दोस्त. आवाजामुळे त्याला ते नाव पडलं होतं. तो बाटल्यांचं रिकामं खोकं उलटं करून वाजवायचा.

बाबांची पद्धत साधी होती. जाणाऱ्या माणसाला चहाला बसवायचं आणि विचारायचं: सकाळी उठल्यावर पहिला हात कशाला लागतो? कामावर येताना वाटेत कुणाशी बोलतोस? घरी पोचल्यावर दार कोण उघडतं? 'वाईट वाटतंय का' हे मात्र कधीच विचारायचे नाहीत. "वाईट वाटतंच. ते काय गाण्यात सांगायचं? हात काय करतोय ते सांगायचं, बाकीचं ऐकणाऱ्याला कळतं."

मग कारखान्यात कॅमेरा आला. पट्ट्यावर एक पेटी बसवली, तिच्या आतून बाटली गेली की दोष ओळखून यंत्रच ती ढकलून देई. पेटी नीट चालते का हे पाहायला मुद्दाम खराब बाटल्या सोडाव्या लागतात. त्या बाबांनीच निवडून दिल्या. केसाएवढ्या चिरेच्या तर खास जपून ठेवलेल्या. पेटीने त्या एकूण एक पकडल्या आणि खातं बंद झालं.

त्या दिवशी दुपारी दार वाजलं. मी उघडलं. बाबा डबा हातात धरून उभे होते. मी म्हटलं, "आज लवकर?" ते म्हणाले, "हो." आत येऊन त्यांनी खिडकीचा पडदा ओढला.

तो पडदा मग ओढलेलाच राहिला. आमची खोली लांबट, एकच खिडकी आणि ती गल्लीवर. समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या काकू दिवसभर मशीनवर बसत, त्यांना आमचं अख्खं घर दिसे. बाबांनी त्यांना सांगून टाकलं होतं, "सुट्टी लागलीय." ती किती दिवसांची हे कुणी विचारू नये म्हणून कामाच्या वेळात ते बाहेर पडेनासे झाले. पलंगाच्या कडेवर बसायचे, उठायचे, दोन पावलांवर मोरी, तिथून परत. आईला केर काढायला त्यांना पाय वर घ्यायला सांगावं लागे. प्रत्येक वेळी ते "सॉरी" म्हणत. आधी कधी म्हणत नसत.

एके दिवशी भोंगा आला. निरोपसमारंभ पुढच्या आठवड्यात ठरला होता, संपूर्ण खात्याचा एकदम.

"गाणं तू करायचंस," तो म्हणाला. "आणि या वेळी तुझ्याच तोंडचं. तू बाप, घरी पोरगी, बापाच्या तोंडून येऊ दे. आणि ऐक, जरा दाटून येऊ दे. 'कुठं जाऊ मी, काय करू मी, लेकराला काय भरवू मी', असं काहीतरी. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"पोरगी एम.ए. करतेय. तिला मी भरवत नाही," बाबा म्हणाले.

"अरे, गाण्यात भरव ना!"

"रडायचं ऐकणाऱ्याने. गाणाऱ्याचा गळा दाटला तर सूर कोण धरणार? तुझं खोकं?"

भोंगा हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेबांनी निरोप दिलाय. पॅकिंगला दोन माणसं ठेवणार आहेत. आणि साहेबांना चांगलं गाणं ऐकायचंय."

"चांगलं म्हणजे?"

"कंपनीचे उपकार वगैरे. तुला काय कळत नाही?"

आई मोरीतून म्हणाली, "दोन ओळी घातल्या तर काय झिजणार आहे?"

पडद्याच्या फटीतून उजेडाची पट्टी जमिनीवर पडली होती, बाबा तिच्याकडे बघत बसले.

चार दिवस ते गुणगुणत होते. कागद कधीच घेत नसत. मांडीवर बोटं आपटून ओळीचं वजन बघायचे, जिभेवर घोळवायचे, आणि ओळ टाकून द्यायचे. उपकारांची ओळ करून पाहिली. म्हणताना मान आपोआप खाली जाते, म्हणाले, आणि मान खाली घालून वरचा सूर लागत नाही. रडण्याची ओळही केली. ती सोपी होती, लगेच जुळली. "म्हणूनच नको. ही ओळ कुणाच्याही तोंडात बसेल. वाटेवरच्या भिकाऱ्याच्याही. मग मी कुठला?"

अखेर एक गाणं तयार झालं. त्यांनी आम्हाला बसवून ऐकवलं:

बाटली आली, बाटली गेली,
उजेडापुढून रांग गेली;
मान जिची वाकडी होती
तीच तेवढी बाजूला केली.

पुढे आणखी तीन कडवी होती. पट्टा, स्टूल, भोंग्याचं घोरणं. आई हसली. मीही हसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय?"

"छान आहे."

"खालच्या पेटीत टाकतेयस ना? तोंडावरून कळतं."

मी म्हटलं, "यात काय झालंय तेच नाही. हा माणूस उद्याही कामावर जाईल असं वाटतं."

"मला रडगाणं नकोय."

"रडू नका. पण झालेलं लपवताय, बाबा. पडद्यासारखं."

आईने मला डोळ्यांनी दटावलं. बाबा उठले. पण त्या खोलीत उठून जायला जागा नव्हती. दोन पावलं गेले आणि मोरीच्या उंबऱ्याशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"दुसऱ्याचं जमतं," तिथूनच म्हणाले. "त्याला विचारता येतं. इथे कुणाला विचारू?"

म्हणून मी चहा केला, त्यांना बसवलं, आणि ते जसे विचारायचे तसं विचारलं. "त्या दिवशी घरी पोचल्यावर दार कोणी उघडलं?"

"चेष्टा करतेस?"

"उत्तर द्या की."

"तू."

"किल्ली नव्हती?"

"होती. खिशात होती. पण अशा वेळी आपल्या घरात चोरासारखं शिरायचं नव्हतं. म्हणून वाजवलं."

"हातात काय होतं?"

"डबा."

"रिकामा?"

"भरलेला. जेवणाच्या सुट्टीआधीच बोलावून सांगितलं ना."

आई एकदम म्हणाली, "आणि मग तुम्ही तो डबा संध्याकाळी एकट्यानेच खाल्लात. पलंगावर बसून, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं होतं, म्हणाल, चल, दोघं मिळून जेवू."

बाबा बराच वेळ पेला हातात फिरवत राहिले. त्यात पाणी नव्हतं. मग त्यांची बोटं मांडीवर पडायला लागली.

समारंभ कारखान्याच्याच माल ठेवायच्या शेडमध्ये झाला. खुर्च्या पुढे साहेबांना, मागे बाकडी. भिंतीपलीकडे पट्टा चालू होता, बाटल्यांची किणकिण येत होती, आणि मध्येच ढकललेली बाटली पडल्याचा आवाज. घरचे लोकही आले होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. उभं राहण्याआधी त्यांनी भोंग्याला सांगितलं, "सावकाश धर. घाई केलीस तर विनवणी वाटेल."

भोंग्याने खोकं सावकाश धरलं. बाबा गायले:

आज लवकर आलो घरी,
दार उघड ग पोरी.

'पोरी'वर सूर लांब ठेवला होता, लोकांना उचलायला सोपं जावं म्हणून. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. सगळे बघत राहिले.

नोकरी माझी गेली खरी,
डबा आहे भरला तरी;
ताटं मांड, दोघं जेवू,
आज लवकर आलो घरी.

'गेली खरी' त्यांनी ताणलं नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं आणि पुढे गेले. तीच एक ओळ, एकदाच. या वेळी ध्रुवपदाला मागच्या बाकड्यांवरून आवाज आला, बायकांचा आधी.

कॅमेरा तो थकत नाही,
जांभई कधी देत नाही;
मला येते, देऊ दे ग,
आता कुणी बघत नाही.

यावर लोक हसले. मोठ्याने हसले, आणि हसता हसता कुणी कुणी डोळे पुसले. साहेब चहाच्या कपात बघत होते. बाबांचा सूर शेवटपर्यंत हलला नाही. आई माझा हात दाबून धरून बसली होती. ती रडत नव्हती, ताल धरत होती.

पॅकिंगला दोन माणसं ठेवली. त्यात बाबा नव्हते, भोंगा होता. तो सांगायला आला तेव्हा दारातच घुटमळला. बाबा म्हणाले, "आत ये, बाहेर उभा राहून काय भीक मागतोयस?" भोंगा म्हणाला, "दोन ओळी घातल्या असत्यास तर..." बाबा म्हणाले, "तर खोकं तू बेताल वाजवलं असतंस."

गाण्याने काही सुटलं नाही, हेही सांगायला हवं. काम मिळेना. मिळालं ते एका दुकानाच्या दाराशी बसायचं, तेही अधूनमधून. खोली तेवढीच होती आणि दुपार लांब. पलंगाच्या कडेवर ते तसेच बसलेले असायचे, आई केर काढताना पाय वर घ्यायचे. फक्त पडदा बाजूला सारलेला असे. समारंभानंतर एकदा शिवणकामवाल्या काकूंनी गल्ली ओलांडून विचारलं होतं, "काय हो, सुट्टी संपली नाही वाटतं?" बाबा खिडकीत आले. मी आतून ऐकत होते. ते म्हणाले, "सुट्टी नव्हती. नोकरी गेली. तुमच्याकडे चहा झाला का?"

पुढे मी दुसऱ्या शहरात शिकवायला गेले. आई गेल्यावर बाबा एकटेच त्या खोलीत राहिले. माझ्याकडे या म्हटलं की म्हणायचे, तुझ्याकडचे पेले स्टीलचे, त्यात काय बघू? फोनवर मी कधी गाण्याचा विषय काढला तर विषय बदलायचे. शेवटचा फोन झाला तेव्हा मी सुट्टीला येणार होते, गाडी किती वाजता पोचेल हे सांगत होते, उशीर झाला तर तुम्ही झोपा, किल्ली आहे माझ्याकडे, म्हणत होते.

"किल्ली राहू दे, दार वाजव," ते म्हणाले. "मी घरीच आहे. आणि येताना दूध आण."